साइट म्हणते ९४, गेममध्ये मिळतात ५०: आपल्या पीसीसाठी एफपीएसचा अंदाज कसा काढायचा

"भावा, साइटवर ९४ एफपीएस दाखवतंय आणि माझ्याकडं पन्नासच्या वर जाईना. कार्डच खराब आलंय काय?"

ग्राफिक्स कार्ड नवीन घेतलेल्या पोरांकडून हा प्रश्न वर्षभर येत राहतो. एफपीएस म्हणजे पीसी सेकंदाला किती फ्रेम पडद्यावर आणतो तो आकडा. गेम बदलतो, कार्ड बदलतं, तक्रार तीच. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. अंदाज कुठे फसला हे शोधायला एक संध्याकाळ पुरते, आणि कार्ड घ्यायच्या आधीच ती संध्याकाळ घालवली तर पैसेही वाचतात.

एकच केस सविस्तर घेतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. पीसीत रायझन 5 5600G, बी450 बोर्ड, १६ जीबी रॅम. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ पडला होता, तेव्हा आपल्याकडे अनेकांनी हाच प्रोसेसर घेतला, कारण त्यात आतच ग्राफिक्स आहे; कार्डाचं नंतर बघू म्हणाले. यानेही तेच केलं आणि पुढे वापरलेलं आरएक्स 6600 बसवलं. गेम सायबरपंक 2077, रिझोल्यूशन 1080p, सेटिंग High, रे ट्रेसिंग बंद. फँटम लिबर्टी या एक्सपान्शनमधल्या डॉगटाउनच्या बाजारात फिरताना त्याला सरासरी ५० मिळत होते आणि मधेच झटके. आरएक्स 6600 विकून 6700 एक्सटी घ्यायचं त्याने मनात पक्कं केलं होतं.

आकडा मोजलेला आहे की गुणलेला?

एफपीएस दाखवणाऱ्या साइट वरून सारख्याच दिसतात, पण आकडे तीन वेगळ्या मार्गांनी येतात. पहिल्या प्रकारात कुणीतरी एकाच टेस्ट पीसीवर एकेक कार्ड बसवून, गेममधल्या एकाच ठिकाणी खरोखर मोजलेलं असतं. दुसऱ्यात लोकांनी आपापल्या घरचे आकडे भरलेले असतात आणि साइट त्यांची सरासरी दाखवते. तिसऱ्यात त्या जोडीवर तो गेम कुणी चालवलेलाच नसतो. कार्डाला एक सर्वसाधारण गुण, प्रोसेसरला एक गुण, गेमला एक गुणक, आणि सगळ्याचा गुणाकार.

हा तिसरा प्रकार ओळखायची युक्ती सोपी आहे. दोन कार्डं घ्या, समजा आरएक्स 6600 आणि आरटीएक्स 3060. त्यांच्या एफपीएसचं गुणोत्तर तीन वेगवेगळ्या गेममध्ये काढा: एक सायबरपंक, एक काउंटर स्ट्राइक 2, एक कुठलाही तिसरा. खऱ्या मोजमापात हे गुणोत्तर गेमप्रमाणे हलतं, कारण एखादं इंजिन एका कंपनीच्या कार्डावर जास्त खुलतं. तिन्हीकडे गुणोत्तर तंतोतंत सारखं आलं तर आकडे गुणलेले आहेत. दुसरी खूण अशी की अशा साइटकडे जगातल्या प्रत्येक जोडीचं उत्तर असतं. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर आणि आजचं सर्वांत महाग कार्ड निवडून बघा. लाजत नाही, बिनधास्त आकडा देते.

आपल्या पोराचा ९४ हा तसलाच निघाला. तिथे 5600G च्या जागी 5600X निवडला तर आकडा जेमतेम एक-दोनने हलत होता. तेवढ्यावर ती साइट बाजूला ठेवली.

लोकांनी भरलेल्या आकड्यांचा उपयोग होतो, पण जपून. त्यात कुणी एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र बनवून मोठं करणारं अपस्केलिंग, चालू ठेवून मोजलेलं असतं, कुणी फ्रेम जनरेशन लावून, कुणी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. सायबरपंकमध्ये तर तयार प्रीसेट निवडला की अपस्केलिंग आपोआप चालू होऊ शकतं, त्यामुळे "High वर घेतलेत" असं मनापासून लिहिणाऱ्याचे आकडेसुद्धा खऱ्या 1080p चे असतीलच असं नाही. तुम्ही स्वतः मोजताना आधी तो पर्याय उघडून बंद आहे ना ते बघा.

तारीखही बघा. सायबरपंक डिसेंबर २०२० मध्ये आला आणि सप्टेंबर २०२३ च्या 2.0 अपडेटने त्यात इतके बदल झाले की कंपनीने किमान गरजेतून साधी हार्ड डिस्क काढून टाकून एसएसडी घातली आणि किमान प्रोसेसरही वर नेला. त्याआधीचे आकडे आजच्या गेमचे नाहीत. डॉगटाउन तर तेव्हा नव्हतंच.

एक आकडा शोधू नका, दोन शोधा

बहुतेक लोक इथेच अडकतात. कार्डांची तुलना करणारे लोक आपल्या टेस्ट पीसीत मुद्दाम त्या त्या वेळचा सर्वांत वेगवान प्रोसेसर बसवतात, उदाहरणार्थ रायझन 7 7800X3D, म्हणजे प्रोसेसर आड न येता फक्त कार्डाचा वेग दिसावा. त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. पण त्या तक्त्यात आरएक्स 6600 समोर ८२ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "हे कार्ड या सेटिंगवर ८२ च्या वर जाणार नाही" एवढाच. तुमच्याकडे ८२ मिळतील असं त्यात कुणी म्हटलेलं नाही.

प्रोसेसरच्या तक्त्यात उलटं असतं. तिथे आरटीएक्स 4090 सारखं राक्षसी कार्ड लावून रिझोल्यूशन खाली ठेवतात, म्हणजे अडथळा फक्त प्रोसेसरचा उरतो. तिथला आकडा प्रोसेसरची मर्यादा सांगतो.

प्रत्येक फ्रेमला दोन कामं व्हावी लागतात. प्रोसेसर त्या क्षणी कोण कुठे आहे, कोण काय करतंय हे ठरवून काम कार्डाकडे सोडतो आणि कार्ड ते रंगवतं. एकजण भाकऱ्या थापतोय आणि दुसरा भाजतोय अशी कल्पना करा. भाजणारा कितीही चपळ असला तरी ताटात भाकरी पडणार ती थापणाऱ्याच्याच वेगाने. म्हणून तुमच्या पीसीचा अंदाज म्हणजे या दोन तक्त्यांतला लहान आकडा. बेरीज नाही, सरासरीही नाही.

अट एकच, आणि ती मोडली की सगळं फिसकटतं: दोन्ही तक्ते त्याच गेमचे, साधारण त्याच सेटिंगचे आणि शक्यतो सारख्याच ठिकाणी मोजलेले हवेत. रे ट्रेसिंगचा भार प्रोसेसरवरही पडतो, त्यामुळे एक तक्ता रे ट्रेसिंगचा आणि दुसरा त्याच्याविना असं कडबोळं नको. सायबरपंकमधली Crowd Density ही सेटिंगही मुख्यतः प्रोसेसरचा घाम काढते. ती High असताना मोजलेला आणि Low असताना मोजलेला आकडा एका ओळीत बसत नाहीत.

5600G म्हणजे 5600 नव्हे

आपल्या केसमध्ये कार्डाची मर्यादा ८२ मिळाली. प्रोसेसरच्या तक्त्यात 5600G नव्हताच, 5600X होता, आणि गर्दीच्या भागात त्याच्यासमोर ७८ होते. पोरगा लगेच म्हणाला, "म्हंजे ७८ मिळायला पाहिजेत की!"

नाही. 5600X मध्ये एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, ३२ एमबी आहे, 5600G मध्ये १६. कोर दोघांतही सहा, थ्रेड बारा, पिढीही एकच, त्यामुळे नावावरून जुळे भाऊ वाटतात. पण गर्दीने भरलेल्या गेममध्ये प्रोसेसर सतत छोट्या छोट्या माहितीसाठी हात घालत असतो. ती कॅशमध्ये सापडली नाही की रॅमपर्यंत जावं लागतं, आणि तो फेरा महाग पडतो. गेममध्ये प्रोसेसरच अडथळा असेल तेव्हा 5600G साधारण दहा-पंधरा टक्के मागे राहतो, गेमप्रमाणे थोडं कमी-जास्त. ७८ मधून पंधरा टक्के काढले की ६६ उरतात. रायझन 5 5500 चंही असंच आहे, त्याचीही कॅश १६ एमबीच. तक्त्यात आपला नेमका प्रोसेसर नसेल तर नावाने जवळचा घेऊ नका. कॅश आणि पिढी बघून जवळचा घ्या, मग फरकाची कात्री लावा.

कार्डांतही हाच सापळा आहे. आरटीएक्स 3050 आठ जीबीची वेगळी आणि सहा जीबीची वेगळी. सहावालीत फक्त मेमरीच नाही, कोरही कमी आहेत. लॅपटॉपवाल्यांची तर आणखी पंचाईत. आरटीएक्स 4060 लॅपटॉप चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधलेली असू शकते, आणि वॉट न लिहिलेल्या तक्त्यातला लॅपटॉपचा आकडा मी तरी धरत नाही.

5600G चा आणखी एक दोष सांगितला जातो, तो म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली वाट, पीसीआयई, यात 3.0 चीच मिळते, बोर्ड बी550 असला तरीही. आरएक्स 6600 आठ लेनचं आहे, त्यामुळे 4.0 च्या तुलनेत निम्मी वाट उरते. भीतिदायक वाटतं, पण आठ जीबी मेमरी भरून ओसंडत नाही तोवर फरक किरकोळ असतो. आरएक्स 6500 एक्सटी असतं तर बोलणं वेगळं होतं. चारच लेन आणि चारच जीबी, तिथे जुन्या बोर्डावर आकडे जोरात घसरतात. आपलं कार्ड कितीवर चाललंय ते GPU-Z मध्ये Bus Interface या रकान्यात @ च्या पुढे दिसतं. कार्ड निवांत असताना तो आकडा खाली येतो, म्हणून शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी सुरू करा आणि मग वाचा.

म्हणजे आता अंदाज तयार: मोकळ्या रस्त्यावर ८२ च्या आसपास, बाजाराच्या गर्दीत ६६.

तरीही ५० का?

इथे या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा कळतो. ९४ आणि ५० मधली तफावत बघून काहीच कळत नव्हतं, कारण ९४ लाच पाया नव्हता. ६६ आणि ५० मधली तफावत मात्र बोलते: तक्त्यातल्या पीसीत आणि या पीसीत असा काहीतरी फरक आहे जो आपण अजून धरलेला नाही.

आधी अडथळा नक्की कुणाचा ते पक्कं करायचं. एमएसआय आफ्टरबर्नरने पडद्यावर कार्डाचा वापर दाखवायला लावला. बाजारात तो ६० ते ६५ टक्के होता. व्हीसिंक बंद, एफपीएसला कुठे लगाम घातलेला नाही हे ड्रायव्हरमध्येही तपासलं. लगाम नसताना कार्ड ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर ते कुणाची तरी वाट बघतंय. मग एफएसआर Performance वर टाकून बघितलं. कार्डाचं काम एका फटक्यात हलकं झालं, तरी एफपीएस ५० चे ५१. म्हणजे ५० ही प्रोसेसरच्या बाजूची मर्यादा आहे यात शंका उरली नाही. 6700 एक्सटी घेऊन बाजारात पन्नासच मिळाले असते.

"पण प्रोसेसर तर साठ टक्केच वापरतोय," तो टास्क मॅनेजर दाखवत म्हणाला. तो आकडा बारा थ्रेडची सरासरी आहे. गेमचा मुख्य थ्रेड एकटा अडला तरी बाकीचे निवांत असतात आणि सरासरी साळसूद दिसते. प्रोसेसर अडलाय का हे कार्डाच्या वापरावरून ओळखा, प्रोसेसरच्या नाही.

मग टास्क मॅनेजरमध्येच मेमरीचं पान उघडलं. Speed समोर 2666 आणि Slots used समोर 1 of 2. सापडलं. आधी आठ जीबीची एक पट्टी होती, ती विकून त्याने सोळाची एकच घेतली होती, पुढे वाढवता येईल म्हणून. पट्टी 3200 ची होती, पण पट्टीला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं एक्सएमपी कधी चालू केलेलंच नव्हतं. रॅमची वाट दुपदरी ऐवजी एकपदरी, त्यात वेगही कमी, आणि कॅश अर्धी असल्यामुळे रॅमकडे जाणाऱ्या फेऱ्या मात्र जास्त. तिन्ही गोष्टी एकमेकींना वाढवतात. तक्ता बनवणाऱ्यांच्या पीसीत दोन पट्ट्या आणि पूर्ण वेग असतो, ते वेगळं सांगतही नाहीत.

टास्क मॅनेजरवर भरवसा नसेल तर पॉवरशेलमध्ये हे टाका. प्रत्येक पट्टीची वेगळी ओळ येते आणि शेवटी तिचा नमुना क्रमांकही कळतो, जोडीची दुसरी शोधायला तो लागतो:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select-Object DeviceLocator, Capacity, ConfiguredClockSpeed, PartNumber
```

त्याने त्याच नमुन्याची दुसरी पट्टी आणली आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं. काही बोर्डांवर याच गोष्टीला डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी म्हणतात. त्याच बाजारात, त्याच वाटेने सरासरी ६४ आली. अंदाज होता ६६. इतकं जवळ आलं की पुढे खोदायचं नाही. दोन-तीन एफपीएस इकडेतिकडे तर एका फेरीत आणि पुढच्या फेरीतही पडतात.

हे झालं नसतं तर पुढची शंका मी तापमानावर घेतली असती. टेस्ट करणाऱ्यांच्या खोल्या थंड असतात, आणि एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या माडीवर, प्रोसेसरसोबत आलेल्या छोट्या कूलरवर तोच प्रोसेसर तेवढा वेग टिकवेलच असं नाही. त्याची खूण वेगळी असते: पहिली दहा मिनिटं आकडा चांगला आणि मग हळूहळू उतरतो. इथे तो पहिल्या मिनिटापासूनच कमी होता.

गेममधल्या बेंचमार्कने दिलेली हुलकावणी

एक गोष्ट राहिली. रॅम बदलायच्या आधी पोराने गेममधला तयार बेंचमार्क चालवला होता आणि त्यात ७४ आले होते. त्यामुळे त्याची समजूत अशी झाली होती की पीसी ठीक आहे, गेमच बिघडलाय. सायबरपंकचा तो बेंचमार्क प्रोसेसरला बाजाराइतका छळत नाही, त्यात कार्डाचंच काम जास्त दिसतं. अनेक तक्ते त्याच बेंचमार्कवर बनवलेले असतात, कारण तो दरवेळी सारखा चालतो. तक्त्यावर "इन-बिल्ट बेंचमार्क" लिहिलं असेल तर तुमचा आकडाही त्याच बेंचमार्कने काढा आणि तिथेच जुळवा. रोजच्या खेळण्याचा अंदाज मात्र प्रोसेसरच्या अशा तक्त्यावरून घ्या जिथे गर्दीत चालून मोजलेलं आहे.

स्वतः मोजताना CapFrameX सारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एक वाट ठरवा, मिनिटभर चाला, तीनदा करा. पहिली फेरी सोडून द्या, तेव्हा गेम अजून माहिती भरत असतो. आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. "1% लो" हा आकडा दोन साइटवर दोन पद्धतींनी काढतात: कुणी नव्याण्णव टक्के फ्रेम ज्याच्यापेक्षा वेगवान आहेत ती सीमा देतं, कुणी सर्वांत हळू एक टक्का फ्रेमची सरासरी देतं. एकाच नोंदीतून हे दोन आकडे बरेच वेगळे येतात. आपल्या पीसीवर बदलाच्या आधी आणि नंतर बघायला तो फार चांगला, दुसऱ्याच्या तक्त्याशी ताडायला नाही. इथे सरासरी ५० वरून ६४ झाली, पण त्याला जास्त जाणवला तो झटके थांबल्याचा फरक.

आता त्याला 1440p चा मॉनिटर घ्यायचाय

पुढचा प्रश्न लगेच आला, आणि त्याचं उत्तर आता त्याच्याकडेच होतं. रिझोल्यूशन वाढलं की प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे त्याची मर्यादा ६४ कायम. ती आता तक्त्यातून शोधायचीही गरज नाही, घरीच मोजलेली आहे. कार्डाची मर्यादा तेवढी त्याच तक्त्याच्या 1440p च्या रकान्यातून घ्यायची. तिथे आरएक्स 6600 समोर ५५ होते. लहान आकडा ५५, म्हणजे तिथे अडथळा कार्डाचा असेल आणि बाजारात काय, मोकळ्या रस्त्यावर काय, आकडा पंचावन्नच्या आसपासच राहील. अंदाज बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसायला हवा. तो पुन्हा साठवर दिसला तर काहीतरी वेगळंच अडलंय.

"आणि एफएसआर Quality लावलं तर?" 1440p वर Quality म्हणजे आत चित्र 960p चंच तयार होतं, 1080p पेक्षाही लहान. त्यामुळे अपस्केलिंगचा थोडा खर्च धरूनही कार्डाची मर्यादा पुन्हा ऐंशीच्या घरात जाईल आणि मोकळ्या रस्त्यावर तेवढे मिळतीलही. बाजारात मात्र ६४ लाच थांबेल. तिथे वर जायचं असेल तर आधी Crowd Density एक पायरी खाली आणून बघायला सांगितलंय, आणि ते पुरलं नाही तर त्याच बोर्डावर बसणारा, ३२ एमबी कॅशचा प्रोसेसर. बी450 वर तो टाकण्याआधी बायोस अपडेट करायला लागू शकतं, ते तेवढं तपासायला विसरू नका.